दोनशे मिनिटांची बॅटरी

देवाजी मास्तरांचं गणित चुकत नाही, असं गडचिरोलीत सगळ्यांना माहीत होतं, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांना मास्तर स्वतः सांगत. माणूस वाईट नव्हता. पण सहा वर्षं चांद्याच्या तारघरात काढून मग शाळेत आलेला माणूस. तारेच्या टकटकीनं त्याच्या स्वभावालाच घाई लावून ठेवली होती. वर्गात शिरतानाच खडू हातात, आणि पोरं बसायच्या आत फळा अर्धा भरलेला. मधेच कोणी तोंड उघडलं तर मास्तर मागं न वळता म्हणत, "खाली बस. मधे मधे नाही."

त्या सोमवारी, म्हणजे अठ्ठावन्न सालच्या जानेवारीतल्या पहिल्याच सोमवारी, मास्तर सकाळपासून अस्वस्थ होते. कारण त्यांना नीटसं ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून कबूल करायचं नव्हतं. शनिवारी टेस्टचा निकाल लागला होता. टेस्टमध्ये पास होईल त्याचाच मॅट्रिकचा फॉर्म भरायचा, नापास झाला त्यानं पुढल्या वर्षी बघायचं, हा शाळेचा नियम. विज्ञानाच्या अकरा पोरांत एकटी रुखमा नापास झाली होती. शंभरात एकतीस. पस्तीस हवे होते.

रुखमा म्हणजे पत्रू गोंडाची पोरगी. धानोऱ्याच्या पलीकडे जंगलात त्यांचं गाव. त्या गावात सरकारनं शाळा काढली होती खरी, पण मास्तर टिकत नव्हता. एकाला ताप आला तो गेला, दुसऱ्याला बायकोची आठवण आली तो गेला, तिसरा तर छपरावर अस्वल चढलं म्हणून रातोरात पळाला. शेवटी गावानं बसून ठरवलं, आपलीच पोरगी शिकवून मास्तरीण करू, ती कुठी पळते? तेव्हापासून चार वर्षं घराघरातून पायलीपायलीनं तांदूळ गोळा होऊन रुखमाच्या वसतिगृहात येत होता. यंदा मॅट्रिक झाली तर जूनपासून शाळा तिची. नाही झाली तर इन्स्पेक्टरसाहेब शाळाच उचलून दुसऱ्या गावाला देणार होते; तसं त्यांनी पत्रूला तोंडावर सांगितलं होतं.

आणि निकाल ऐकून पत्रू रविवारी बैलगाडी घेऊन आला होता. सोमवारी सकाळी आठ वाजता पोरीची पत्र्याची पेटी गाडीत टाकून तो निघाला. मास्तरांनी शाळेच्या ओट्यावरून गाडी जाताना पाहिली. रुखमा मागं तोंड करून बसली होती. तिनं हात जोडले. मास्तरांनी मान हलवली आणि उगाच खिशात खडू शोधला.

"अभ्यास करायला पायजे होता," ते स्वतःशीच म्हणाले. पण ही पोरगी अभ्यास करत नव्हती असं म्हणायला त्यांचीच जीभ रेटेना.

दहा वाजता इसरू शिपाई शाळेचा रेडिओ पुसत होता. सरकारनं गावासाठी दिलेला रेडिओ, शाळेच्या पडवीत कुलपात असे. रोज संध्याकाळी सहा ते आठ लावायचा, अर्धं गाव जमायचं, शेतीचा कार्यक्रम संपून गाणी लागली की बायाही जवळ सरकायच्या. त्याला दोन बॅटऱ्या होत्या. त्यातल्या मोठीवर मास्तरांचा विशेष जीव. तिच्यावर छापलं होतं, तीन हजार मिलिअँपिअर-तास. मास्तरांनी तेच उचलून टेस्टच्या पेपरात घातलं होतं, अगदी अभिमानानं. पोरांना पुस्तकातली नाही, डोळ्यांसमोरची वस्तू द्यावी, म्हणून. 'बॅटरीची क्षमता ३००० मिलिअँपिअर-तास आहे. तिच्यातील विद्युतभार कूलंबमध्ये काढा. रेडिओ १५ मिलिअँपिअर प्रवाह घेत असल्यास ती किती वेळ चालेल?' सहा गुण.

"मास्तर," इसरू म्हणाला, "नवी बाटरी कधी बलवाची?"

"काऊन? संपली?"

"संपली नाई. दिवाळीले लावली होती नं आपण, तवापासून चालूनच राह्यली. रोजचे दोन तास. म्या म्हटलं, आधीच सांगून ठेवा, चांद्यावरून याले महिना लागते."

मास्तर हसले. "अजून पंचवीस दिवस जाईल ती. दोनशे..."

आणि तिथंच थांबले.

दोनशे. दोनशे काय? पेपर तपासताना त्यांनी उत्तराच्या कागदावर लिहिलं होतं, दोनशे मिनिटं. तीन तास वीस मिनिटं! अहो, तीन तास वीस मिनिटांत संपणारी बॅटरी दिवाळीपासून गावाला गाणी ऐकवत होती, आणि मास्तर रोज तिच्यासमोर खुर्ची टाकून बसत होते!

मास्तर आत गेले, फळ्यासमोर उभे राहिले आणि हळूहळू लिहायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा हळूहळू.

एक अँपिअर प्रवाह एक सेकंद वाहिला की एक कूलंब. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. म्हणजे तीन हजार मिलिअँपिअर-तास म्हणजे तीन अँपिअर-तास. तासाचे सेकंद किती? छत्तीसशे. तीन गुणिले छत्तीसशे, दहा हजार आठशे कूलंब.

आणि वर्गात त्यांनी काय शिकवलं होतं? तीन गुणिले साठ. एकशे ऐंशी.

साठ कुठून आले ते त्यांना तिथंच कळलं, आणि कळलं तेव्हा त्यांना स्वतःचे कान धरावेसे वाटले. तारघरात वेळ तासांत कोणी लिहीतच नसे. तारेवर प्रवाह किती मिलिअँपिअर, आणि किती मिनिटं, एवढंच वहीत. संध्याकाळी बेरीज करून साठनं गुणायचं, हजारानं भागायचं, झाले कूलंब. सहा वर्षं रोज. हाताला साठाची सवय लागलेली. समोर तास लिहिलेला असला तरी हात साठनंच गुणत होता, आणि तोच हात पोरांना शिकवून मोकळा झाला होता. मजा अशी की पुढचं उत्तर दोन्हीकडून दोनशेच येत होतं. एकशे ऐंशी कूलंब पंधरा मिलिअँपिअरनं संपायला बारा हजार सेकंद, म्हणजे दोनशे मिनिटं. दहा हजार आठशे संपायला सात लाख वीस हजार सेकंद, म्हणजे दोनशे तास. आकडा तोच, म्हणून मास्तरांना संशयही आला नाही.

त्यांनी कपाट उघडून पेपरांचा गठ्ठा काढला. अकरांपैकी आठ पोरांनी एकशे ऐंशी लिहिलं होतं, मास्तरांनी शिकवलं तसंच. दोघांनी कोरं सोडलं होतं. आणि रुखमाच्या पेपरात, तिच्या त्या गोल, ठसठशीत अक्षरात: १०,८०० कूलंब. २०० तास. त्यावर लाल शाईची आडवी रेघ, आणि 'तास' या शब्दाभोवती लाल गोल. मास्तरांचाच.

एकतीस अधिक सहा, सदतीस.

"अरे देवा," मास्तर मोठ्यानं म्हणाले. पडवीतून इसरू धावत आला. "काय झालं मास्तर?"

"काही नाही. माझ्या अकलेचं वाटोळं झालं."

हेडमास्तर लटारूजी शांत माणूस. इतका शांत, की आग लागली तरी आधी विचारील, कोणत्या खोलीला? ते फॉर्मांचा गठ्ठा बांधत होते. एक वाजताच्या मोटारीनं हेडक्लार्क नानाजी तो घेऊन चांद्याला, तिथून नागपूरला बोर्डात जाणार होते. उद्याची शेवटची तारीख.

मास्तरांनी एका दमात सगळं सांगितलं. लटारूजींनी चष्मा काढला, पुसला, घातला. मास्तरांना वाटलं हा चष्मा आपण हिसकावून घ्यावा.

"म्हणजे पोरीचं बरोबर," लटारूजी म्हणाले.

"बरोबर."

"अन् तुमचं चूक."

"चूक."

"मग आठ पोरांचे सहा-सहा गुण काटावे लागतील देवाजी. त्यातले तीन पडतात. एक तर तुमच्याच घरचा, कोलू."

कोलू मास्तरांच्या बहिणीचा पोरगा, त्यांच्याच घरी राहून शिकत होता. छत्तीस गुण. काल बहिणीनं येऊन गल्लीत पेढे वाटले होते. क्षणभर, खोटं कशाला बोला, क्षणभर मास्तरांच्या मनात आलं, गठ्ठा बांधलेला आहे, गाडी गेलेली आहे, बॅटरी चालते ती चालू दे. कोणाला कळणार आहे? इसरूला? पण मग ती गोल अक्षरं डोळ्यांसमोरून हलेनात.

"काटायचे नाहीत," मास्तर म्हणाले. "त्यांनी मी शिकवलं ते लिहिलं. पोरांनी मास्तरवर भरोसा ठेवला त्याची सजा पोरांना काऊन? मी लिहून देतो. शिकवणाऱ्यानं चुकीचं शिकवलं, म्हणून त्या आठांचे गुण कायम. आणि बरोबर लिहिलं म्हणून रुखमाचे सहा मिळाले पाहिजेत. सही माझी. नाव माझं."

"इन्स्पेक्टर आला अन् त्यानं रजिस्टर वाचलं तर?"

"वाचू द्या. हसला तर हसू द्या."

लटारूजींनी दौत त्यांच्यापुढं सरकवली. "लिहा मग."

मास्तरांनी लिहिलं. 'माझ्या चुकीमुळे' हे शब्द लिहिताना निब कागदात रुतलं. लटारूजींनी खाली सही केली, कोरा फॉर्म काढला, त्यावर शाळेचा शिक्का मारला, आणि शांतपणे म्हणाले, "पण फॉर्मवर उमेदवाराची सही लागते. पोरगी कुठी आहे?"

पावणेअकरा झाले होते.

मास्तरांची सायकल जुनी होती आणि चेन उतरायची सवय होती. फॉर्म शर्टाच्या आत, शाईची दौत खिशात आणि टाक कानावर, असे ते धानोऱ्याच्या वाटेला लागले. लोक बघत होते. "मास्तर, कुठी?" कोणीतरी ओरडलं. मास्तरांनी उत्तर दिलं नाही. उत्तराला दम लागतो.

गाव संपलं, धानाच्या बांध्या संपल्या, आणि मोहाची, सागाची झाडं रस्त्यावर वाकायला लागली. थंडीचे दिवस, तरी मास्तरांच्या पाठीवर घामाचा ओघळ. बैलगाडीच्या चाकोऱ्यांमधून सायकल उड्या मारत होती आणि मास्तरांचं डोकं गणित करत होतं, थांबतच नव्हतं. गाडी आठला निघाली. तासाला अडीच मैल. आता अकरा वाजून गेले, म्हणजे गाडी... सात मैल? आठ? परत यायला पाऊण तास तरी. तास म्हणजे साठ मिनिटं, मिनिट म्हणजे साठ सेकंद. "छत्तीसशे, छत्तीसशे," मास्तर पायडलच्या तालावर पुटपुटत होते. दोनदा चेन उतरली. दुसऱ्यांदा बसवताना बोट चिमटलं, तेव्हा त्यांनी तारघराच्या नावानं अशी शिवी हासडली की झाडावरची माकडं गप्प झाली.

मधेच मनात आलं, गाडी दुसऱ्या वाटेनं गेली असेल तर? पत्रूला जंगलातल्या शंभर वाटा माहीत. मग मात्र त्यांनी डोकं बंदच केलं आणि फक्त पाय चालवले.

सात मैलांवर नाल्याजवळ गाडी सुटलेली दिसली. बैल पाण्यावर होते. पत्रू तीन दगडांवर भात शिजवत होता, आणि रुखमा पेटीवर बसून वही वाचत होती. नापास झालेली पोरगी, घरी परत चाललेली, आणि वही वाचत होती! मास्तरांच्या डोळ्यात एकदम पाणी आलं. धूर होता, म्हणून निभावलं.

"जोहार मास्तर," पत्रू उठून उभा राहिला. चेहरा काळजीचा. "पोरीचं काही राह्यलं का शाळेत?"

"राहिलं," मास्तर धापा टाकत म्हणाले. "सहा गुण राहिले. पोरगी पास आहे पत्रूभाऊ. चूक माझी होती."

पत्रूला हे एकदम कळेना. मास्तर चुकतो, ही गोष्ट त्याच्या हिशेबातच नव्हती. त्यानं पोरीकडे पाहिलं. रुखमा उठली होती, पण हसली नाही. आधी तिनं विचारलं, "बाटरीचा प्रश्न नं मास्तर?"

"हो."

"दहा हजार आठशे?"

"दहा हजार आठशे."

तिनं वही छातीशी धरली आणि खाली बसली. मग रडली. पत्रू तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला, भात करपत होता तरी.

मास्तरांनी फॉर्म काढला, पेटीवर पसरला, दौत ठेवली. "इथं सही कर. एक वाजता मोटार निघते."

रुखमानं डोळे पुसले, टाक घेतला आणि सही केली, सावकाश, शाई पसरू न देता. मास्तरांना राहवेना.

"रुखमा, एक सांग. वर्गात मी साठनं गुणलं. सगळ्यांनी साठनं गुणलं. तू छत्तीसशेनं काऊन गुणलं?"

ती जरा गोंधळली. "तुमीच त पयल्या दिवशी वहीत लिहून देलं होतं. एक अँपिअर, एक सेकंद, एक कूलंब." तिनं वही उघडून दाखवली. पहिलंच पान. "मले वाटलं, फळ्यावर तुमाले घाई होती."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का? उभं राहून?"

रुखमा खाली बघू लागली. "म्या उभी राह्यली होती मास्तर. तुमी म्हटलं, खाली बस."

नाल्याचं पाणी वाजत होतं. मास्तरांना आठवलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. किती जणांना, किती वेळा म्हटलं असेल, काय आठवणार? ते फॉर्म घडी करत बसले, आणि घडी वाकडी झाली.

"मास्तर," रुखमा हळूच म्हणाली, "बाकीच्यांले पण सांगा नं. त्यायच्या वहीत अजून साठच हाय. मॅट्रिकले आलं त चुकतीन."

झालं. सात मैल सायकल हाणत आलेला, स्वतःची चूक कागदावर लिहून दिलेला, मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत आलेला माणूस, आणि हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. कोलूच्याही वहीत साठच होतं.

"सांगतो," मास्तर म्हणाले. "उद्या पहिल्या तासाला. पत्रूभाऊ, गाडी फिरवा."

परतीची वाट कशी गेली ते मास्तरांना नंतर सांगता आलं नाही. चेन एकदा उतरली, एका चढावर ते उतरून सायकल घेऊन पळाले. मोटारीचा भोंगा ऐकू आला तेव्हा ते गावाच्या शिवेवर होते. नानाजी दारात लोंबकळत ड्रायव्हरला थोपवून धरत होते आणि ड्रायव्हर त्यांना शिव्या देत होता. मास्तरांनी फॉर्म खिडकीतून आत टाकला. "गठ्ठ्यात घाला, नानाजी! वर नाही, आत घाला!"

"घालतो, घालतो! आधी जरा श्वास घ्या मास्तर, नाहीतर तुमचाच फॉर्म भरावा लागेल!"

मोटार गेली. धूळ खाली बसेपर्यंत मास्तर रस्त्यातच उभे होते.

दुसऱ्या दिवशी पहिला तास. अकराच्या अकरा पोरं हजर. रुखमा मागच्या बाकावर, तिच्या नेहमीच्या जागी. मास्तरांनी फळा पुसला, आणि तोंड फळ्याकडे करून, कारण पोरांकडे बघून सांगणं जमलं नसतं, सगळं सांगितलं. तारघर, साठ, चूक, सगळं. कोलू आ वासून मामाकडे बघत होता.

"वह्या काढा," मास्तर म्हणाले. "साठ खोडा. आता बरोबर लिहून घ्या." आणि सवयीनं हात सुटला. खडू कडकडा वाजला: तीन हजार गुणिले छत्तीसशे, बरोबर एक कोटी आठ लाख कूलंब. खाली दोन रेघा.

मागं बाक वाजला. कोणीतरी उभं राहिलं होतं. सगळ्यांना माहीत होतं आता काय ऐकू येणार.

मास्तरांचे ओठ उघडले होते. ते मिटले. मग ते मागं वळले.

"बोल, रुखमा."

"मास्तर, हजारानं भागाचं राह्यलं. मिली होतं नं ते."

मास्तरांनी फळ्याकडे पाहिलं. मग खडू तिच्यापुढं धरला, आणि तिच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसले.